गन वाजल्यावर पळूनही फॉल्स स्टार्ट कसा?

प्रश्न: सर, माझी मुलगी १०० मीटर पळते. आम्ही सोलापूरचे. परवा बाहेरगावी मोठ्या स्पर्धेत सेमीफायनलला तिला बाद केलं. बोर्डावर रिअ‍ॅक्शन टाइम ०.०९४ दाखवला. ती रडून सांगते, "पप्पा, मी गन ऐकूनच निघाले." मी मोबाइलवर व्हिडिओ काढलाय, त्यातही ती सगळ्यांबरोबरच निघालेली दिसते. हीटमध्ये तिचा ०.१५८ होता. गन झाल्यावर निघालेली पोरगी फॉल्स स्टार्ट कशी? मशीन चुकलं असेल का?

उत्तर:

तुमची मुलगी खोटं बोलत नाही, हे आधी तिला सांगा. तिने गन ऐकली आणि त्यानंतरच तिचे पाय ब्लॉकमधून सुटले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही दिलेल्या आकड्यावरून तो फॉल्स स्टार्टच ठरतो, आणि माझ्या मते मशीन चुकलेलं नाही. मी बावीस वर्षं स्टार्टर म्हणून उभा राहतोय. त्यातली बरीच वर्षं आपल्या जिल्ह्याच्या मुरमाच्या ट्रॅकवर गेली आणि पुढे सेन्सरवाले ब्लॉक असलेल्या स्पर्धांतही काम केलं. त्या ब्लॉकवर पहिल्यांदा काम केलं, तेव्हा माझ्याही डोक्यात तुमचाच प्रश्न होता.

सगळा घोटाळा "निघणे" या शब्दात आहे. आपण निघणं म्हणतो ते हात उचलले, कंबर पुढे गेली, पाय सुटला त्याला. मशीन त्याच्या बरंच आधीचं काहीतरी मोजतं. गन झाल्यावर चांगला धावपटू साधारण दीड दशांश सेकंदाने ब्लॉकला ढकलायला लागतो आणि पुढे जवळपास ०.३५ सेकंद ढकलतच असतो. म्हणजे पुढचा पाय ब्लॉकमधून सुटेपर्यंत गन होऊन अर्धा सेकंद झालेला असतो. तुमच्या मुलीने ०.०९४ ला ढकलायला सुरुवात केली असली, तरी शरीर डोळ्याला हललेलं दिसेपर्यंत गनचा आवाज तिच्या कानात घुमून गेलेला होता. म्हणून तिला प्रामाणिकपणे वाटतं की आधी ऐकलं आणि मग निघाले. व्हिडिओतही तसंच दिसणार. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांत ०.०३३ सेकंदाचं अंतर. तिच्यात आणि मर्यादेत अंतर होतं फक्त ०.००६ सेकंदाचं. तो व्हिडिओ या भांडणात काहीच सांगू शकत नाही.

आता ब्लॉकमध्ये काय चालतं ते पाहू. प्रत्येक लेनच्या ब्लॉकला सेन्सर बसवलेला असतो. काही कंपन्यांचे सेन्सर फूटप्लेटवरचा दाब मोजतात, काहींचे ब्लॉकच्या सळीला बसलेला हादरा. ऑलिंपिकमध्ये वापरतात ते ब्लॉक पायाचा दाब सेकंदाला चार हजार वेळा टिपतात. "सेट" म्हटल्यावर मुली कंबर उचलून स्थिर होतात, तेव्हा प्लेटवरचा दाब जवळपास एकसारखा असतो आणि आलेखावर आडवी रेषा दिसते. गन झाली की थोडा वेळ रेषा तशीच राहते आणि मग एकदम कड्यासारखी वर चढते. ही चढण ठरावीक उंबरठा ओलांडते तो क्षण मशीन पकडतं. गनच्या सिग्नलपासून त्या क्षणापर्यंतचा वेळ म्हणजे रिअ‍ॅक्शन टाइम.

गन दाबली की इलेक्ट्रॉनिक सिग्नल एकाच वेळी घड्याळाला आणि प्रत्येक ब्लॉकच्या मागे ठेवलेल्या स्पीकरला जातो. हे स्पीकर का लागतात, ते आपल्या मैदानावरच्या उदाहरणाने सांगतो. एका लेनची रुंदी १.२२ मीटर. स्टार्टर पहिल्या लेनच्या बाजूला उभा राहून साधी गन उडवतो, तेव्हा आठव्या लेनपर्यंत आवाजाला साडेआठ मीटर जास्त जावं लागतं आणि त्याला ०.०२५ सेकंद लागतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १०० मीटरमध्ये नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन यांच्यात ०.००५ सेकंदाचा फरक होता, त्यावरून हा विलंब केवढा मोठा ते कळेल. नुसत्या उशिराचाही प्रश्न नाही. आवाज जितका मोठा, तितकं शरीर लवकर उसळतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या आकड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा गनला सगळ्यांत जवळ असलेल्या पहिल्या लेनमधल्या धावपटूंची प्रतिक्रिया इतरांपेक्षा जलद निघाली. सगळ्यांच्या मागे सारखेच स्पीकर असले, तरच रिअ‍ॅक्शन टाइमची तुलना न्याय्य ठरते.

आता नियम. गनपासून ०.१०० सेकंदाच्या आत प्रतिक्रिया नोंदली गेली, तर ती आवाज ऐकून झालेली असूच शकत नाही, असं वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सने धरलं आहे. आवाज कानात जातो, मेंदू ओळखतो, पायाच्या स्नायूंना आज्ञा जाते, स्नायू ताणले जातात आणि मग कुठे प्लेटवर दाब वाढतो. या सगळ्याला किमान दशांश सेकंद लागणारच, असा त्यामागचा हिशेब आहे. बरोबर ०.१०० आला तर चालतो, ०.०९९ आला की बाद. ०.१०० च्या आत प्रतिक्रिया आली की स्टार्टरच्या कानातल्या हेडफोनमध्ये बीप वाजते. त्याने किंवा रिकॉलरने, म्हणजे चुकीची सुरुवात परत बोलावणाऱ्या त्याच्या साथीदाराने, लगेच दुसरी गन देऊन शर्यत थांबवायची आणि मग स्क्रीनवर आठही लेनचे आकडे आणि आलेख बघायचे. यंत्रणा प्रमाणित असेल, तर तिचा पुरावा सहसा अंतिम मानतात. मग लाल-काळं कार्ड त्या मुलीच्या लेनसमोर दाखवतात.

पूर्वी असं नव्हतं. २००२ पर्यंत प्रत्येक धावपटूला एक चूक माफ असायची. २००३ पासून सगळ्या रांगेला मिळून एकच चूक माफ झाली आणि पुढे जो चुकेल तो बाद. पण काही जण मुद्दाम पहिली चूक करून बाकीच्यांवर दडपण आणायला लागले. २०१० पासून पहिल्याच चुकीला बाहेर. डेकॅथलॉन, हेप्टॅथलॉनसारख्या संयुक्त स्पर्धांमध्ये मात्र अजूनही एकदा माफी आहे. २०११ मध्ये दैगूच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटरच्या फायनलमध्ये उसेन बोल्ट गनच्या आधीच उसळला आणि सरळ बाहेर गेला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. ते ओळखायला मशीन लागलंच नाही. मशीनची खरी कसोटी ०.०८ ते ०.१०० च्या पट्ट्यात लागते आणि तुमची मुलगी नेमकी त्याच पट्ट्यात सापडली.

याच पट्ट्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या डेव्हन अ‍ॅलनचं. २०२२ ची यूजीनची जागतिक स्पर्धा, ११० मीटर हर्डल्स. सेमीफायनलला त्याचा रिअ‍ॅक्शन टाइम ०.१०१ आला आणि तो फायनलला गेला. फायनलला आला ०.०९९. एक हजारांश सेकंदासाठी तो स्वतःच्या देशातल्या प्रेक्षकांसमोर बाद झाला. त्याच स्पर्धेत महिलांच्या १०० मीटर सेमीफायनलला ज्युलियन अल्फ्रेड ०.०९५ ला आणि टायनिया गेथर ०.०९३ ला बाद झाल्या. आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नंतर दाखवून दिलं की त्या स्पर्धेत एकूणच रिअ‍ॅक्शन टाइम इतर जागतिक स्पर्धांपेक्षा जलद नोंदले गेले होते. सगळे खेळाडू एकाच आठवड्यात अचानक चपळ होत नाहीत. तेव्हा उंबरठा कुठे ठेवला आणि चढण कशी ओळखली, यावर आकडा हलतो, ही शंका रास्त आहे.

उंबरठ्याची गोष्ट मुलींच्या बाबतीत आणखी महत्त्वाची आहे. समजा, दोन मुलींच्या मेंदूने एकाच क्षणी आज्ञा दिली. एक जोरात ढकलणारी आहे, तिची रेषा सरळ उभी चढते आणि उंबरठा पटकन ओलांडते. दुसरी हळू जोर लावते, तिची रेषा उताराने चढते आणि उंबरठ्याशी पोचायला तिला काही हजारांश सेकंद जास्त लागतात. दोघींची प्रतिक्रिया एकच, बोर्डावरचे आकडे वेगळे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आकड्यांवर अमेरिकेत अभ्यास झाला. पुरुष आणि महिलांच्या रिअ‍ॅक्शन टाइममध्ये दिसणारा फरक बऱ्याच अंशी या उंबरठ्यामुळे आहे, असं त्यात निघालं. म्हणजे मशीन मुलींची प्रतिक्रिया आहे त्यापेक्षा थोडी उशिरा पकडतं. हे तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. तुमच्या मुलीचा आकडा ०.०९४ आला असेल, तर तिने खरं ढकलायला सुरुवात केली ती त्याच्याही थोडी आधी.

आणि ०.१०० ही मर्यादा तरी निसर्गाने आखलेली आहे का? नाही. वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सनेच, तेव्हा तिचं नाव आयएएएफ होतं, फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठातल्या तज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतला. काही धावपटू खरोखर ऐकूनही ०.१०० च्या आत प्रतिक्रिया देऊ शकतात असं त्यांना दिसलं आणि मर्यादा ०.०८० ते ०.०८५ च्या आसपास आणावी असं त्यांनी २००९ मध्ये सुचवलं. मर्यादा बदलली नाही. मला स्वतःला ती बदलायला हवी असं वाटतं, निदान आलेख बघून निर्णय घेण्याची सक्ती तरी हवी. पण नियम आहे तोवर त्याच नियमाने कार्ड दाखवावं लागतं.

आता तुमच्या मुलीच्या आकड्याकडे येतो. ०.०९४ मधून आवाजाचा प्रवास वजा करा. स्पीकर ब्लॉकच्या मागे मीटरभर अंतरावर असेल, तर तीन हजारांश सेकंद गेले. उरले ०.०९१. इतक्यात ऐकून, आज्ञा देऊन, उंबरठ्यापर्यंत दाब नेणं अशक्य नाही, पण ते फारच थोड्यांना जमतं आणि ज्यांना जमतं त्यांचे बाकीचे आकडेही ०.११, ०.१२ असेच असतात. तिचा हीटमधला आकडा ०.१५८ आहे. एकाच दिवशी, त्याच ब्लॉकवर, त्याच गनला ०.०६४ सेकंदांची उडी! माझ्या पाहण्यात एकाच मुलीचे आकडे एका स्पर्धेत वीस-तीस हजारांश सेकंदांनी हलतात, साठने नाही. म्हणून मी म्हणतो की तिने ऐकून नव्हे, अंदाजाने ढकललं. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. सेमीफायनलचं दडपण होतं आणि "सेट"नंतर गन कधी येते याची लय हीटमध्ये तिच्या अंगात भिनलेली होती. शरीराने आज्ञा आधीच दिली आणि गन योगायोगाने मध्ये वाजली. तिच्या कानाला आणि मनाला हे कळायला जागाच नव्हती.

या लयीत कधीकधी आमचाही दोष असतो. स्टार्टरने सगळे स्थिर झाल्यावर गन द्यायची असते, मनात आकडे मोजून नाही. पण दिवसभरात चाळीस-पन्नास शर्यती सोडल्या की हाताला सवय लागते, "सेट"नंतर तितकाच वेळ आणि ठो. हुशार पोरं तिसऱ्या-चौथ्या हीटपर्यंत ते हेरतात. एकदा एका स्पर्धेत दुपारनंतर माझ्याच गनवर लागोपाठ चार आकडे ०.११ च्या खाली आले, तेव्हा मला कळलं की मी घड्याळासारखा झालोय. पुढच्या शर्यतीपासून प्रत्येक लेनवर नजर फिरवूनच बोट दाबायला लागलो आणि आकडे पुन्हा जागेवर आले.

मशीन चुकू शकतं का, हा तुमचा खरा प्रश्न. चुकू शकतं, पण ते आलेखावर ओळखता येतं. सेटमध्ये पाय थरथरला, स्पाइक प्लेटवर सरकला किंवा ब्लॉकचे खिळे नीट बसले नसतील आणि ब्लॉकच हलला, तर रेषेवर एक छोटं टोक येतं आणि रेषा पुन्हा खाली बसते. खरी चढण त्यानंतर वेगळी दिसते. २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत जॉन ड्रमंडचा आकडा ०.०५२ आला. "मी हललोच नाही" म्हणत तो ट्रॅकवर आडवा पडला. अंग न हलताही पायाचा दाब बदलू शकतो आणि तो सेन्सर पकडतो, हे त्या प्रसंगाने सगळ्या जगाला दाखवलं. आजच्या नियमात पाय किंवा हात जागेवरून सुटला, किंवा सुटण्याकडे जाणारी सलग हालचाल गनच्या आधी सुरू झाली, तरच ती सुरुवात धरतात. नुसती थरथर झाली तर फार तर ताकीद मिळते.

तुमच्या बाबतीत आलेख कसा होता ते मी पाहिलेलं नाही. रेषा ०.०९४ पासून न थांबता वर गेलेली असेल, तर वाद संपला. आधी टोक, मग खळगा आणि मग ०.१४-०.१५ च्या आसपास खरी चढण असेल, तर तक्रारीला जागा होती. ती तक्रार तिथेच, लगेच, तोंडी रेफरीकडे करायची असते. ती स्वतः करू शकते किंवा तिच्या वतीने प्रशिक्षक. अधिकृत निकाल जाहीर झाल्यापासून तीस मिनिटं उलटली की दार बंद. पुढच्या वेळी प्रशिक्षकाने "आलेख पाहता येईल का" एवढं शांतपणे विचारावं, आरडाओरडा करू नये. कोणताही चांगला रेफरी तो स्वतः बघतोच.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सेन्सर ब्लॉकमध्ये असतो, हाताखाली नसतो. गनच्या आधी कोणी बोटं उचलली आणि पायाचा दाब बदलला नाही, तर मशीन गप्प राहील. ते स्टार्टर आणि रिकॉलरच्या डोळ्यांनाच पकडावं लागतं. आपल्या शालेय स्पर्धांमध्ये तर सगळंच डोळ्यांवर चालतं. तिथे ०.०९४ ची मुलगी कधीच सापडत नाही, कारण माणसाचा डोळा तो फरक बघूच शकत नाही. तुमच्या मुलीने इथे वर्षानुवर्षं अशीच सुरुवात केली असेल, तिला कोणी टोकलं नसेल आणि आपली सुरुवात जबरदस्त आहे असं तिला वाटत असेल.

म्हणून घरी एक करता येईल. मोबाइलमध्ये २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो. ब्लॉकच्या बाजूला, जमिनीलगत, मोबाइल स्टँडवर ठेवा, म्हणजे तिचे पाय आणि क्लॅपर दोन्ही एकाच चित्रात येतील. क्लॅपर तिच्यापासून दीड-दोन मीटरच्या आतच हवा. दहा मीटर लांब उभं राहून वाजवला, तर आवाजालाच सात फ्रेम लागतील आणि तुमचा हिशेब फसेल. क्लॅपरच्या फळ्या एकमेकींना टेकतात ती फ्रेम शून्य धरा आणि तिथून टाच किंवा पोटरी पहिल्यांदा हललेली दिसते तिथपर्यंत मोजा. चोवीस फ्रेम म्हणजे ०.१०० सेकंद. डोळ्याला हालचाल दिसते ती दाब वाढल्यानंतर, म्हणून मशीनचा आकडा तुमच्या मोजणीपेक्षा कमीच येईल. तुम्हाला अठ्ठावीस-तीस फ्रेम दिसल्या, तरी ती मोठ्या स्पर्धेत धोक्याच्या पट्ट्यात आहे असं समजा. अडतीस-चाळीसच्या आसपास असेल तर ती ऐकून निघते आहे.

क्लॅपर तुम्ही वाजवू नका, तुमची लय तिला पाठ असेल. मैदानावर रोज वेगळ्या कुणाला तरी उभं करा आणि "सेट"नंतर कधी एक सेकंद, कधी तीन सेकंद थांबायला सांगा. दहातल्या दोन वेळा क्लॅपर वाजवूच नका. त्या दोन वेळी ती पुढे झेपावली, तर सेमीफायनलला नेमकं काय झालं ते तिचं तिलाच दिसेल. सेटमध्ये दोन्ही पाय प्लेटला घट्ट टेकलेले आहेत ना, तेही त्याच व्हिडिओत बघा. पाय सैल असेल, तर गन झाल्यावर टाच आधी मागे जाऊन प्लेटला टेकते आणि मग ढकलते. त्यात हाताशी असलेला वेळ वाया जातो आणि तो भरून काढायला पोरी अंदाजाने निघायला लागतात. तुमच्या मुलीचं मूळ दुखणं इथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. चारपाच दिवसांचे व्हिडिओ काढा आणि फ्रेमचे आकडे वहीत लिहून ठेवा. नंतर कुमठा नाक्याच्या संकुलावर तिला सकाळी घेऊन या, ब्लॉकची उंची आणि अंतर आपण बसून बघू.